बिनपगारी रजा घेण्याआधी: पगारातून नेमकं किती कापलं जाईल आणि कोणत्या गोष्टी लेखी घ्यायच्या

बिनपगारी रजेला कुठे एलडब्ल्यूपी म्हणतात, कुठे एलओपी. रजा मंजूर करून घेताना बहुतेकांची चर्चा "जाऊ द्याल का?" एवढ्यावर थांबते. सहा दिवसांची रजा असेल तर सहा दिवसांचा पगार जाईल, असं दोन्ही बाजू गृहीत धरतात. पण एका दिवसाचा पगार म्हणजे किती आणि सहा दिवस म्हणजे कोणते सहा, हे ठरलेलं नसतं. त्यामुळे त्याच माणसाची, त्याच तारखांची कपात एका कंपनीत सहा हजारांच्या आसपास होते आणि दुसरीत आठ हजारांच्या वर जाते. हा फरक कुठून येतो, तो आधी कसा काढायचा आणि साहेबांकडून किंवा एचआरकडून काय लिहून घ्यायचं, ते इथे क्रमाने पाहू.

सगळा हिशेब एकाच उदाहरणावर करू. समजा, नागपूरच्या धरमपेठेतल्या एका खासगी कार्यालयात एक महिला अकाउंट्सचं काम करते. आठवड्याला सहा दिवस काम, रविवारी सुट्टी. महिन्याचा एकूण पगार ३१,२०० रुपये: बेसिक १५,६००, घरभाडे भत्ता ६,२४० आणि विशेष भत्ता ९,३६०. घरात लग्न आहे, म्हणून तिला मे २०२६ मध्ये सोमवार ११ तारखेपासून बुधवार २० तारखेपर्यंत सुट्टी हवी आहे. म्हणजे कॅलेंडरचे १० दिवस. त्यात १७ तारखेचा एक रविवार आहे, म्हणून कामाचे ९ दिवस. तिच्या खात्यावर पगारी रजा फक्त ३ शिल्लक आहेत.

पहिली पायरी: पगारी रजा खरंच संपल्या आहेत का?

रजा बिनपगारी ठरवण्याआधी शिल्लक रजेचा आकडा स्वतः तपासा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, २० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत वर्षाला ८ किरकोळ रजा मिळतात. शिवाय वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला कामाच्या दर २० दिवसांमागे एक पगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. पण किरकोळ रजा दर तिमाहीला थोड्या थोड्या जमा होतात. मे महिन्यात सगळ्या ८ खात्यावर दिसणार नाहीत, आणि त्यात चूक काही नाही.

खरी गल्लत मागच्या वर्षाच्या रजेत होते. वर्ष बदललं की काही कार्यालयं नवीन मस्टर सुरू करतात आणि साठलेली रजा पुढे ओढायची राहून जाते. म्हणून डिसेंबरच्या पगारपत्रकावरची शिल्लक आणि आजची शिल्लक शेजारी ठेवून बघा. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यात असाल तर तुम्हाला कारखान्यांचे नियम लागू होतात. तिथेही दर २० दिवसांमागे एक रजा हेच प्रमाण आहे, पण साठवण्याची मर्यादा वेगळी आहे.

आपल्या उदाहरणात ३ रजा शिल्लक आहेत, म्हणजे कामाचे ६ दिवस बिनपगारी. आता कपात काढू.

दुसरी पायरी: पगाराला कितीने भागतात?

एका दिवसाचा पगार काढायच्या तीन पद्धती नागपुरातल्या कार्यालयांत सर्रास दिसतात.

पहिलीत महिन्याच्या प्रत्यक्ष दिवसांनी भागतात. मे ३१ दिवसांचा, म्हणून ३१,२०० भागिले ३१, म्हणजे दिवसाला साधारण १,००६ रुपये. सहा दिवसांचे ६,०३९. या पद्धतीत एक दिवस किती रुपयांचा, ते महिन्यावर अवलंबून असतं. २८ दिवसांच्या फेब्रुवारीत तोच एक दिवस १,११४ रुपयांना पडतो. तारखा पुढेमागे करता येत असतील तर हे लक्षात ठेवावं.

दुसरीत बाराही महिने ३० ने भागतात. दिवसाला १,०४०, सहा दिवसांचे ६,२४०.

तिसरीत २६ ने भागतात. सहा दिवसांचा आठवडा असेल तर महिन्यात कामाचे दिवस साधारण २६ येतात, त्यावरून हा आकडा रूढ झाला. ग्रॅच्युइटी काढतानाही महिन्याचा पगार २६ नेच भागतात. इथे एक दिवस १,२०० रुपयांचा आणि सहा दिवसांची कपात ७,२००.

तिन्हींपैकी कोणतीही एक पद्धत मुळातच गैर आहे, असं नाही. गैर होतं ते दोन पद्धती एकमेकींत मिसळल्यावर.

तिसरी पायरी: मधला रविवार कुणाच्या खात्यात?

पुष्कळ कंपन्यांत असा नियम असतो की सुट्टीच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही दिवशी तुम्ही रजेवर असाल, तर मधली सुट्टीही रजाच धरायची. एचआरची मंडळी त्याला सँडविच नियम म्हणतात. आपल्या उदाहरणात १६ तारखेचा शनिवार आणि १८ तारखेचा सोमवार दोन्ही रजेचे आहेत. नियम लावला तर १७ चा रविवारही बिनपगारी होतो आणि सहाचे सात दिवस होतात.

हे रास्त आहे की नाही, ते तुम्ही कितीने भागता यावर ठरतं. ३१ ने भागलं तेव्हा त्या ३१ मध्ये पाच रविवार धरलेले होतेच. म्हणजे महिन्याच्या पगारात रविवारचाही वाटा मोजला गेला. अशा वेळी मधला रविवार गैरहजेरीत धरणं निदान हिशेबाला धरून आहे: सात दिवसांचे ७,०४५ रुपये. ३० ने भागलं तर ७,२८०.

पण २६ ने भागताना रविवार आधीच बाहेर काढलेले असतात. १,२०० हा फक्त कामाच्या दिवसाचा भाव आहे. त्या भावाने रविवारही कापला तर कपात ८,४०० होते आणि एकच रविवार दोनदा वसूल होतो. हे ताडून बघायची सोपी युक्ती म्हणजे पूर्ण महिना गैरहजर आहोत असं समजायचं आणि तीच रीत लावायची. ३१ दिवस गुणिले १,२०० म्हणजे ३७,२००. महिन्याचा पगार ३१,२०० आणि कपात त्याहून जास्त! पूर्ण महिन्याची कपात पूर्ण पगाराएवढीच यायला हवी. जी रीत या परीक्षेत एवढ्या मोठ्या फरकाने नापास होते, ती एका दिवसासाठीही चुकीचीच.

कायद्यातलं तत्त्वही असंच आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याच्या कलम ९ मध्ये ते होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेच्या कलम २० मध्येही आहे: गैरहजेरीची कपात पगाराच्या प्रमाणात करायची, आणि ते प्रमाण म्हणजे गैरहजर राहिलेला काळ भागिले त्या पगार-काळात काम करणं बंधनकारक असलेला एकूण काळ. त्याहून मोठा वाटा कापता येत नाही. मे २०२६ मध्ये पाच रविवार आहेत, म्हणून १ मेची सुट्टी धरून बरोबर २६ दिवस उरतात. त्यातले सहा दिवस गैरहजर राहिल्यावर ८,४०० रुपयांची कपात या प्रमाणात कशीच बसत नाही.

उन्हाळ्यातल्या लग्नांच्या रजा हमखास दोन आठवड्यांवर पसरतात, म्हणून मधल्या सुट्टीचा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाला पडतो. बुटीबोरीत पाळीत काम करणाऱ्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारीच येईल असं नाही. तुमची सुट्टी ज्या वारी असेल, तो वार धरून मोजा.

यात एक जागा अशी आहे की जिथे तुम्ही नियमात राहूनच दिवस वाचवू शकता. तीन पगारी रजा कोणत्या तारखांना लावायच्या? काहीच सांगितलं नाही तर हजेरीचं सॉफ्टवेअर त्या पहिल्या तीन दिवसांना, म्हणजे ११, १२ आणि १३ ला लावून टाकतं. मग रविवारच्या दोन्ही बाजूंना बिनपगारी दिवस येतात आणि रविवार बिनपगारी होतो. त्याच तीन रजा १६, १८ आणि १९ ला लावल्या तर रविवारच्या दोन्ही बाजूंना पगारी रजा येते. पुष्कळ कंपन्यांत अशा रविवारी पगार कापत नाहीत. काही कंपन्या मात्र तो रविवार पगारी रजेतून वजा करतात. तसं असेल तर १९ तारीख बिनपगारी होते आणि हाती काहीच लागत नाही, म्हणून आधी विचारा. नियम सोयीचा असेल तर एकच दहा दिवसांचा अर्ज न टाकता तीन तुकड्यांत टाका: ११ ते १५ बिनपगारी, १६ ते १९ पगारी, २० बिनपगारी. कामाचे बिनपगारी दिवस सहाच राहतात, आणि ३० ने भागणाऱ्या कंपनीत १,०४० रुपये वाचतात.

चौथी पायरी: पगारातून वजा करतात की हजेरीने गुणतात?

हा प्रश्न ३० ने भागणाऱ्या कंपन्यांपुरता आहे, पण तिथे तो हजारांनी फरक पाडतो. काही ठिकाणी पूर्ण पगारातून गैरहजर दिवस वजा होतात: ३१,२०० वजा ६,२४०, म्हणजे २४,९६०. काही ठिकाणी पगार द्यायचे दिवस मोजून गुणतात: मेच्या ३१ पैकी ६ गेले, उरले २५, गुणिले १,०४०, म्हणजे २६,०००. मे महिन्यात दुसरी रीत कर्मचाऱ्याच्या फायद्याची ठरते.

फेब्रुवारीत उलट होतं. २८ दिवसांतून ६ गेले, उरले २२, गुणिले १,०४०, म्हणजे २२,८८०. वजाबाकीच्या रीतीने मात्र २४,९६० च मिळाले असते. गुणाकाराच्या रीतीत फेब्रुवारीत फक्त एक दिवस गैरहजर राहिलात तरी २७ दिवसांचे २८,०८० हाती येतात, म्हणजे एका दिवसासाठी ३,१२० रुपये जातात. वेतन संहितेतल्या प्रमाणात हे बसत नाही आणि तुम्ही तसं दाखवून देऊ शकता. बहुतेक वेळा यात कुणाचा हेतू वाईट नसतो. एक्सेलमध्ये कुणीतरी कधीकाळी घातलेलं सूत्र तसंच चालत आलेलं असतं.

पाचवी पायरी: हातात किती येतील?

समजा या कार्यालयात ३० ने भागतात, वजाबाकी करतात, आणि रजेची मांडणी वर सांगितल्याप्रमाणे झाल्याने रविवार वाचला. सहा दिवसांची कपात ६,२४०. ती एकरकमी दिसत नाही, प्रत्येक घटकातून त्याच प्रमाणात जाते. बेसिक १५,६०० चा १२,४८० होतो, घरभाडे भत्ता ४,९९२ आणि विशेष भत्ता ७,४८८. बेरीज २४,९६०.

आता पीएफ. एरवी ही कंपनी १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के, म्हणजे १,८०० कापते. या महिन्यात बेसिक त्या मर्यादेखाली, १२,४८० वर आला आहे. कंपनी पीएफ बेसिकवरच धरत असेल तर कपात १,४९८ होईल. कंपनीचा वाटाही तेवढाच कमी होतो, म्हणजे पीएफ खात्यात एरवीपेक्षा दोन्ही मिळून सुमारे ६०० रुपये कमी जमा होतील. विशेष भत्ताही पीएफच्या पगारात धरणारी कंपनी असेल तर रक्कम १५,००० च्या वरच राहते आणि १,८०० च कापले जातात. तुमच्याकडे काय धरतात ते जुन्या पगारपत्रकावरून कळतं.

व्यवसाय कर, म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, त्या महिन्याच्या पगारावर ठरतो. महाराष्ट्रात २०२३ च्या एप्रिलपासून महिलांना महिन्याला २५,००० पर्यंतच्या पगारावर हा कर नाही. त्यावर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. या महिन्याचा पगार २४,९६० आहे, म्हणून मेचा व्यवसाय कर शून्य. सॉफ्टवेअर मूळ पगार बघून २०० कापत असेल तर ते निदर्शनास आणून द्यावं. पुरुषांना १०,००० च्या वर पगार असला की हा कर लागतोच, त्यामुळे त्यांना इथे फरक पडत नाही.

म्हणजे हातात २४,९६० वजा १,४९८, असे २३,४६२ रुपये. एरवी ३१,२०० मधून १,८०० आणि २०० जाऊन २९,२०० येतात. खात्यावरचा फरक ५,७३८ रुपयांचा. घराचा किंवा गाडीचा हप्ता ज्या खात्यातून जातो, त्या खात्यात एवढी तूट पडणार हे आधीच धरून ठेवा. हप्ता परत गेला तर बँकेचा दंड वेगळा बसतो.

सहावी पायरी: कपात कोणत्या महिन्यात दिसेल?

हजेरी बंद करायची तारीख प्रत्येक कार्यालयाची वेगळी असते. कुठे २० तारीख, कुठे २५, कुठे महिनाअखेर. रजा २० मेला संपते आणि हजेरी २५ ला बंद होत असेल तर सगळी कपात मेच्या पगारात येईल. तीच रजा २१ ते ३० मे अशी असती तर शेवटचे काही दिवस जूनच्या पगारातून कापले गेले असते.

यातून दोन घोटाळे होतात. मेचा पगार जवळजवळ पूर्ण आला म्हणून माणूस खर्च करून बसतो आणि जूनचा पगार अचानक तुटतो. दुसरं म्हणजे, मेचा दिवस जूनमध्ये कापताना कितीने भागायचं? गैरहजेरी मेची आहे, तर भाव मेचाच हवा, म्हणजे ३१ ने. सॉफ्टवेअर पुष्कळदा चालू महिन्याचा, म्हणजे ३० चा भाव लावतं. दिवसाला साधारण ३४ रुपयांचाच फरक आहे, पण फेब्रुवारीचे दिवस मार्चमध्ये किंवा मार्चचे दिवस फेब्रुवारीच्या भावाने कापले तर तो शंभराच्या वर जातो.

दिवसाच्या पगारापलीकडे जाणारं

कारखान्यात काम करणाऱ्यांनी सगळ्यात आधी हजेरी भत्ता बघावा. पुष्कळ ठिकाणी तो पूर्ण हजेरीलाच मिळतो. एक दिवस बिनपगारी झाला तरी सगळा जातो. भत्ता १,५०० असेल तर पहिला बिनपगारी दिवस दिवसाच्या पगाराहून कितीतरी महाग पडतो, आणि दुसऱ्या दिवसापासून तो फरक राहत नाही. अशा ठिकाणी दोन महिन्यांत एकेक बिनपगारी दिवस घेण्यापेक्षा एकाच महिन्यात दोन घेतलेले बरे.

ज्यांचा पगार २१,००० पर्यंत आहे आणि ज्यांना ईएसआय लागू आहे, त्यांनी लांबची बिनपगारी रजा घेताना ७८ हा आकडा लक्षात ठेवावा. ईएसआयचे वर्गणीचे दोन काळ असतात: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. एका काळात निदान ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली, तरच त्याच्याशी जोडलेल्या पुढच्या सहामाहीत आजारपणाचा भत्ता मिळतो. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधला हक्क ठरतो. समजा एखाद्याने गावी शेतीसाठी एप्रिल ते सप्टेंबरच्या १८३ दिवसांपैकी ११० दिवस बिनपगारी काढले. त्याचे ७३ च दिवस भरतात. मग पुढच्या फेब्रुवारीत तो आजारी पडला तर हा भत्ता मिळणार नाही. दहा-पंधरा दिवसांच्या रजेने हा धोका येत नाही.

आणि रजेचं कारण तुमचं स्वतःचं आजारपण असेल तर बिनपगारी रजा मागायची घाईच करू नका. हक्क बसत असेल तर ईएसआयच्या दवाखान्यातून किंवा सोमवारी पेठेतल्या रुग्णालयातून आजारपणाचं प्रमाणपत्र घ्या. त्यावर रोजच्या पगाराच्या ७० टक्के दराने, लागोपाठच्या दोन लाभकाळांत मिळून ९१ दिवसांपर्यंत भत्ता मिळतो. हे माहीत नसल्याने पुष्कळ कामगार आजारपण बिनपगारी काढतात, याचं फार वाईट वाटतं.

पीएफच्या मासिक विवरणात कंपनी तुमचे बिनपगारी दिवस वेगळ्या रकान्यात भरते. पीएफच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्ट्रीमध्ये ते NCP Days म्हणून दिसतात. सहा दिवस असतील तर सहाच दिसायला हवेत. ग्रॅच्युइटीसाठी मंजूर रजेने सेवा तुटत नाही. पण विनापरवाना गैरहजेरी ठरवून कंपनीने सेवाखंडाचा आदेश काढला तर तुटते. बाळंतपणाची रजा पुढे लागणार असेल, तर अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं लागतं. लांब रजा काढताना तो हिशेब आधी करा.

लेखी काय घ्यायचं

"बोलणं झालं आहे" याला पगाराच्या दिवशी काही अर्थ राहत नाही. ज्यांनी हो म्हटलं ते विभागप्रमुख असतात आणि कपात करणारा पगार विभाग वेगळ्याच इमारतीत किंवा वेगळ्याच शहरात बसलेला असतो. मिहानमधल्या कितीतरी कंपन्यांचा पगार पुण्याहून किंवा बंगळुरूहून निघतो. म्हणून ईमेल एचआरला करा आणि विभागप्रमुखांना त्याची प्रत ठेवा. पत्र असं लिहिता येईल:

"मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग,
मला ११ मे २०२६ ते २० मे २०२६ या काळात रजा हवी आहे. १६, १८ व १९ मे या दिवशी शिल्लक पगारी रजा धरावी. ११ ते १५ मे आणि २० मे हे सहा दिवस बिनपगारी धरावेत. मी २१ मे रोजी सकाळच्या वेळेत कामावर रुजू होईन. कृपया पुढील गोष्टी कळवाव्यात:
१. एका दिवसाची कपात एकूण पगाराला किती दिवसांनी भागून होईल?
२. १७ मेचा रविवार पगारी धरला जाईल का?
३. कपात मेच्या पगारात होईल की जूनच्या?
४. या रजेमुळे हजेरी भत्ता, बोनस, वेतनवाढ किंवा प्रोबेशनचा कालावधी यांत काही बदल होईल का?
५. रजा वाढवावी लागल्यास किती दिवस आधी, कोणाला आणि कशा प्रकारे कळवावे?
माझ्या हिशेबाने कपात ६,२४० रुपये होते. यात फरक असल्यास कृपया कळवावे.
आपली विश्वासू,"

शेवटून दुसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. नुसते प्रश्न विचारले तर "नियमानुसार होईल" असं उत्तर येतं. आकडा लिहिला की समोरच्याला तो बरोबर आहे की नाही हे बघावंच लागतं, आणि पुढे वाद झाला तर चर्चा त्या आकड्यापासून सुरू होते.

उत्तरात "ठीक आहे" किंवा "नोंद घेतली" एवढंच आलं तर ती मंजुरी नाही. मंजुरीत तारखा आणि रजेचा प्रकार दोन्ही हवेत. रजा ॲपवरून घेत असाल तर मंजूर झालेल्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. त्यात प्रत्येक दिवसापुढे कोणती रजा लागली ते दिसतं. प्रश्नांची उत्तरं तोंडी मिळाली तर त्याच ईमेलच्या साखळीत लिहून टाका: "आज आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार १७ मेचा रविवार पगारी धरला जाईल असे मी समजते." त्यावर कुणी हरकत घेतली नाही, तरी तुमच्याकडे तारखेसह नोंद राहते. लहान दुकानात किंवा कार्यालयात ईमेलची पद्धत नसेल तर अर्जाच्या दोन प्रती करा आणि एकीवर तारखेसह सही-शिक्का घ्या. व्हॉट्सॲपवर मंजुरी आली असेल तर तो संदेश जपून ठेवा, पण तारखा तुमच्या संदेशात पूर्ण लिहिलेल्या हव्यात. "पुढच्या आठवड्यात येत नाही" असा संदेश उद्या कोणत्याही आठवड्याचा ठरू शकतो.

पाचवा प्रश्न वगळू नका. गावी अडकलात, तब्येत बिघडली, रेल्वे रद्द झाली, तर २० च्या पुढचा प्रत्येक दिवस मंजूर रजेत धरायचा की विनापरवाना गैरहजेरीत, हे त्याच्या उत्तरावर ठरतं. अनेक कारखान्यांच्या स्थायी आदेशांत मंजूर रजा संपल्यावर आठ दिवसांत परत न आल्यास त्या जागेवरचा हक्क जाऊ शकतो, अशी तरतूद असते. म्हणून रजा वाढवण्याचा अर्ज रजा संपण्याच्या आधीच पोहोचला पाहिजे.

पगारपत्रक आल्यावर

आधी दिवस बघा, मग रुपये. पगारपत्रकावर महिन्याचे एकूण दिवस, पगाराचे दिवस आणि बिनपगारी दिवस असे तीन आकडे असतात. बिनपगारी ६ च्या ऐवजी ७ असेल तर रविवार गेला आहे. ९ असेल तर तुमच्या तीन पगारी रजा लागल्याच नाहीत. १० असेल तर दोन्ही झालं. मग एकूण पगारातली घट बिनपगारी दिवसांनी भागा. उत्तर १,००६ आलं तर ३१ ने भागलं आहे, १,०४० आलं तर ३० ने, १,२०० आलं तर २६ ने. यांपैकी काहीच आलं नाही तर दिवस मोजण्यात चूक आहे किंवा एखादा भत्ता पूर्ण कापला गेला आहे. मग बेसिक, घरभाडे भत्ता आणि विशेष भत्ता वेगवेगळे तपासा. तिन्हींतली घट एकाच प्रमाणात हवी.

चूक सापडली तर त्याच जुन्या ईमेलला उत्तर म्हणून लिहा. त्यात कापलेली रक्कम, तुमच्या हिशेबाची रक्कम आणि फरक, एवढे तीन आकडे द्या. दुरुस्ती पुढच्या पगारात थकबाकी म्हणून येते. तेव्हा त्या फरकावरचा पीएफही जमा झाला का, ते पासबुकात बघून घ्या, कारण रोख फरक परत देताना पीएफचा भाग राहून जाणं अगदी नेहमीचं आहे. लेखी विचारूनही दाद मिळाली नाही तर नागपूरच्या कामगार आयुक्तालयात तक्रार करता येते. तिथे नियुक्तिपत्र, रजेची मंजुरी आणि रजेच्या आधीच्या व नंतरच्या महिन्यांची पगारपत्रकं सोबत न्या.